४.३५ चं ४.३४ झालं तेव्हा: दूध डेअरीला सॉफ्टवेअर विकताना शिकलेल्या गोष्टी

(या भागाची लिखित प्रत. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आज मी माझ्याच धंद्याबद्दल बोलणार आहे. मी कॉम्प्युटरमध्ये बीटेक केलं, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग संगमनेरला परत येऊन दोन मित्रांबरोबर दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायला लागलो. केंद्रावर वजनकाटा असतो, फॅट मशीन असतं. त्या दोघांचे आकडे घ्यायचे, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची, शेतकऱ्याला पावती द्यायची आणि दर दहा दिवसांनी पगार काढायचा. आपल्याकडे दुधाच्या पैशाला 'पगार'च म्हणतात, तुम्हाला माहीतच आहे.

सॉफ्टवेअर बनवायला सात महिने लागले. पहिलं गिऱ्हाईक मिळायला त्याहून जास्त. ते मिळालं कसं, आणि फाउंडरने स्वतः बोलण्या-लिहिण्याचा त्यात नेमका काय वाटा होता, एवढंच आज सांगतो.

समोरचा माणूस का घाबरतो

आम्हाला वाटायचं डेअरीवाले 'टेक्नॉलॉजीला घाबरतात'. साफ चूक. फॅट मशीन, बल्क कूलर, बँक ट्रान्सफर, हे सगळं त्यांनी आपल्या आधी वापरलंय. त्यांची भीती वेगळी आहे आणि ती अगदी बरोबर आहे.

सकाळी साडेसहाला केंद्रावर रांग असते. पावतीवर एका शेतकऱ्याचा दर पन्नास पैशांनी चुकीचा आला, तर तो तिथेच बोलतो आणि मागचे दहा जण ऐकतात. पुढचं केंद्र अर्ध्या किलोमीटरवर असतं. संध्याकाळचं दूध तिकडे जातं. म्हणजे सॉफ्टवेअरची चूक माझी, आणि शेतकरी तुटला तो केंद्रवाल्याचा. त्यात हा जिल्हा दुधाच्या भावावर किती हळवा आहे ते वेगळं सांगायला नको. जून २०१७ चा शेतकरी संप राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून सुरू झाला, आणि तेव्हा रस्त्यावर ओतलेलं दूध सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं.

दुसरी भीती म्हणजे 'ही पोरं उद्या पुन्हा पुण्याला गेली तर?' आमचा सगळा हिशेब यांच्या कॉम्प्युटरात, आणि हे फोन उचलत नाहीत. असे अनुभव लोकांनी घेतलेत.

आणि तिसरी गोष्ट तर आम्हाला फार उशिरा कळली. संस्थेचा निर्णय एक माणूस घेत नाही. आम्ही डेमो द्यायचो सचिवांना. सचिव मान डोलवायचे. पण पैसे मंजूर व्हायचे संचालक मंडळाच्या बैठकीत, आणि तिथे आम्ही नसायचो. तिथे सचिवांना कोणी विचारलं की 'यात आपल्याला धोका काय?', तर त्यांच्या हातात आमचं चकचकीत ब्रोशर. त्यावर 'डिजिटल क्रांती' लिहिलेलं. त्या कागदाचा त्यांना काय उपयोग?

सुरुवातीला आम्ही फेसबुकवर जाहिराती टाकल्या. लाइक आले, त्यातले निम्मे आमच्याच बॅचमेट्सचे. डेअरीतून एकही फोन नाही.

पहिला व्हिडिओ: दोन मशीन, दोन एसएनएफ

एका केंद्रावर डेमो चालू होता. तिथले दादा म्हणाले, "ते सगळं राहू द्या. मला एक सांगा, माझ्या इथं एसएनएफ ८.३ येतो आणि तेच दूध प्लांटला गेलं की ८.६. शेतकरी म्हणतो तू खातोस. मी काय उत्तर देऊ?"

मी घरी येऊन नीट शोधलं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की कापतात. आता लॅक्टोमीटरने दूध तपासलं तर एसएनएफ थेट मोजला जात नाही. लॅक्टोमीटरची डिग्री घेतात, तापमानाप्रमाणे ती सुधारतात, आणि डिग्री व फॅट एका सूत्रात टाकून एसएनएफ काढतात. गंमत अशी की या धंद्यात एकाहून जास्त सूत्रं वापरात आहेत. त्यातली ही दोन बघा:

```
SNF = CLR/4 + 0.21 × Fat + 0.36
SNF = CLR/4 + 0.25 × Fat + 0.44
```

CLR म्हणजे ती सुधारलेली डिग्री. समजा डिग्री २९ आणि फॅट ३.५. पहिल्या सूत्राने ७.२५ अधिक ०.७३५ अधिक ०.३६, म्हणजे ८.३४५. दुसऱ्याने ७.२५ अधिक ०.८७५ अधिक ०.४४, म्हणजे ८.५६५. दूध तेच, डिग्री तीच. एक आकडा ८.५ च्या खाली, एक वर. कोणीच काही खाल्लेलं नाही, फक्त दोघांचं सूत्र वेगळं आहे. मिल्क अ‍ॅनालायझर असेल तर त्याचं कॅलिब्रेशन हा आणखी वेगळा विषय, पण भांडणाचं मूळ हेच. दोन ठिकाणी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी काढली जाते आणि पावतीवर ते कुठेच लिहिलेलं नसतं.

हे मी वहीवर पेनाने लिहून मोबाइलवर तीन मिनिटांत सांगितलं. सॉफ्टवेअरचं नावही घेतलं नाही, फक्त शेवटी माझं नाव, गाव आणि मोबाइल नंबर. त्या दादांना पाठवलं. त्यांनी त्यांच्या ग्रुपवर टाकलं. चार दिवसांनी राहुरीकडून एका अनोळखी माणसाचा फोन आला. पहिलं वाक्य, "ते डिग्रीवालं तुम्हीच सांगितलं का?"

तोपर्यंत मला फोन करणारे 'रेट काय?' एवढंच विचारायचे. हा माणूस म्हणाला, "आमच्या प्लांटचं सूत्र तिसरंच आहे, तुमच्यात ते टाकता येतं का?" म्हणजे विकत घ्यायचं की नाही यावर तो बोलतच नव्हता, थेट कसं बसवायचं यावर आला होता.

फाउंडरनेच का बोलायचं

तुम्ही म्हणाल, हे काम एजन्सीला द्यायचं ना. आम्ही एकदा दिलं होतं. त्यांनी छान पोस्टर केलं. खाली एका सचिवांनी विचारलं, "म्हशीच्या आणि गायीच्या दुधाचं दरपत्रक एकाच खात्यावर चालतं का?" एजन्सीच्या मुलाने उत्तर दिलं, "सर, आमची टीम तुम्हाला संपर्क करेल." झालं, तिथेच विषय संपला.

सावध गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न असतो की या माणसाला माझं काम कळतं का, आणि चुकलं तर हा समोर येईल का. पहिल्याचं उत्तर द्यायला कोड लिहिणारा माणूस लागतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मालक लागतो. छोट्या कंपनीत हे दोन्ही एकच असतात, आणि मोठ्या कंपनीकडे नसलेली एवढी एकच गोष्ट आपल्याकडे असते.

ही काही नवी युक्ती नाही. न्यूयॉर्कमध्ये जोएल स्पोल्स्की नावाच्या प्रोग्रॅमरने २००० साली फॉग क्रीक ही कंपनी काढली आणि त्याच सुमारास 'जोएल ऑन सॉफ्टवेअर' हा ब्लॉग लिहायला घेतला. बग कसे नोंदवावेत, वेळापत्रक कसं करावं, सॉफ्टवेअरची किंमत ठरवणं इतकं अवघड का, असं तो मोकळेपणाने लिहायचा. वाचणारे प्रोग्रॅमर, आणि त्याचं फॉगबग्झ विकत घेणारेही प्रोग्रॅमर. त्यामुळे जाहिरात करायच्या आधीच त्याला ओळखणारे लोक तयार होते. आमचा फरक एवढाच की आमचं गिऱ्हाईक लांब इंग्रजी निबंध वाचत नाही. ते दूध उतरवून झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅप बघतं.

आणि आपल्या जिल्ह्यात तर याहून जुना दाखला आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. तेव्हा शेतकऱ्याला शेअर घ्यायला लावायचा म्हणजे न पाहिलेल्या कारखान्यासाठी खिशातले पैसे मागायचे. तिथेही लोकांनी आधी माणूस बघितला, मग शेअर घेतला.

आम्ही काय बनवतो आणि कसं

पद्धत अगदी साधी आहे. माझ्याकडे एक वही आहे. डेमोत, फोनवर, केंद्रावर विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यात त्याच शब्दांत लिहितो. एकच प्रश्न तीन वेगळ्या माणसांनी विचारला की त्यावर व्हिडिओ. २०२४ मध्ये सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं. त्यासाठी जनावराच्या कानातल्या टॅगचा नंबर आणि शेतकऱ्याचं बँक खातं जुळावं लागत होतं. तेव्हा वहीची सहा पानं एकाच प्रश्नाने भरली: "माहिती भरली तरी नोंद का अडकते?" नावातलं स्पेलिंग, टॅगचा एक आकडा इकडेतिकडे, खातं दुसऱ्याच्या नावावर. एकेक कारण घेऊन मी स्क्रीनवर दाखवलं. आमचं सॉफ्टवेअर नसलेल्या केंद्रांनीही ते वापरलं. वापरू द्या.

प्रत्येक व्हिडिओबरोबर आम्ही एका पानाचं पीडीएफ देतो. हे फार महत्त्वाचं निघालं. कारण संचालक मंडळाच्या बैठकीत व्हिडिओ कोणी लावत नाही. सचिव ए-फोर कागदाची प्रिंट नेतात. त्या पानावर प्रश्न, उत्तर, आकडेमोड आणि खाली माझा नंबर. आम्ही नसलेल्या खोलीत आमच्या वतीने तो कागद बोलतो.

आमचं सगळ्यात जास्त वेळा प्रिंट झालेलं पान कुठलं, माहितीये? किमतीचं. महिन्याला किती, मशीन जोडायला किती, जुना हिशेब आत आणायला किती. आणि शेवटची ओळ: सोडून जायचं असेल तर सगळा डेटा एक्सेलमध्ये, शून्य रुपये. माझा पार्टनर म्हणाला होता, किंमत उघड केली तर दुसरे कमी करतील. केलीही एकाने. पण 'पोरं पळून गेली तर?' या भीतीला त्या शेवटच्या ओळीने जे उत्तर दिलं, ते आमच्या कुठल्याच फीचरने दिलं नव्हतं.

त्याच पानावर आम्ही हेही लिहितो की आमचं सॉफ्टवेअर कुठे चालणार नाही. ज्या जुन्या फॅट मशीनला कॉम्प्युटर जोडायची वायरच नाही, तिथे आकडे हाताने टाकावे लागतील, आणि मग आमचे पैसे देण्यात अर्थ नाही. हे वाचून काही फोन कमी झाले. ते कमीच व्हायला हवे होते.

आता आमची चूक

हा भाग सांगायचा की नाही यावर आमच्यात दोन दिवस भांडण झालं होतं. एका केंद्रावरच्या शेतकऱ्याचा मुलगा, बारावीतला, पावत्या घेऊन आला. त्याने दरपत्रक घेऊन हाताने हिशेब केला होता. एका पावतीवर फॅट ४.३५ होतं. नियम असा की दुसरा दशांश ५ किंवा जास्त असेल तर वर, म्हणजे ४.४ चा दर. आमच्या सॉफ्टवेअरने ४.३ चा लावला. एका पॉइंटला त्या दरपत्रकात ३० पैसे. दूध २२ लिटर. फरक ६ रुपये ६० पैसे.

मी आधी म्हणालो, असं होणारच नाही. मग लॅपटॉपवर हे टाइप केलं:

```python
>>> 4.35 * 100
434.99999999999994
>>> int(4.35 * 100)
434
```

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी कपाळावर हात मारला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. कॉम्प्युटर ४.३५ हा आकडा बायनरीत साठवतो आणि तो त्याला तंतोतंत साठवता येत नाही. जसं आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसंच. शंभराने गुणलं की ४३५ च्या केसभर खाली येतं, आणि आम्ही पुढचे दशांश कापून टाकत होतो. उरलं ४३४. म्हणजे ४.३४, म्हणजे ४.३. हे सगळ्या आकड्यांना होत नाही, काहींनाच होतं, आणि दरावर परिणाम तेव्हाच जेव्हा शेवटचा आकडा ५ असतो. म्हणून आमच्या टेस्टिंगमधून ते निसटलं. दुरुस्ती दोन ओळींची:

```python
>>> from decimal import Decimal
>>> int(Decimal("4.35") * 100)
435
```

पैशाच्या हिशेबात float वापरू नये हे मी कॉलेजात शिकलो होतो. फॅटचा आकडा म्हणजे पैसाच आहे, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

मशीनचं मूळ रीडिंग आम्ही साठवून ठेवतो, त्यामुळे मागचा सगळा हिशेब परत चालवता आला. चार केंद्रांचा मिळून फरक दोन हजार रुपयांच्या आतच निघाला. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पार्टनरचं म्हणणं तेच होतं. पण तो मुलगा बारावीतला होता, आणि पुढचा मुलगा कधी आणि कुठल्या केंद्रावर पावत्या घेऊन बसेल, हे आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही क्रम असा ठेवला. आधी चारही केंद्रचालकांना फोन. व्हिडिओ बघून त्यांना कळता कामा नये. मग प्रत्येक शेतकऱ्याच्या फरकाची यादी, ती पुढच्या पगारात 'मागील फरक' म्हणून वेगळी दाखवलेली. आमची त्या महिन्याची फी माफ. आणि हे सगळं झाल्यावर व्हिडिओ: काय चुकलं, कुठल्या तारखेपासून, किती पावत्या, आणि तुमची पावती तुम्ही स्वतः कशी तपासाल. केंद्राचं नाव नाही, शेतकऱ्याचं नाही. 'तांत्रिक कारणास्तव' असलं काही नाही. 'आम्ही दशांश कापला, तो कापायला नको होता' एवढंच.

परिणाम? चारपैकी एका केंद्राने आम्हाला काढून टाकलं. त्यांचं म्हणणं, "चूक झाली ते चालेल, पण गावाला सांगायची काय गरज होती?" त्यांचा राग मला समजतो. दुकान त्यांचं आहे, रांग त्यांच्या दारात आहे. चूक जाहीर केली की सगळे टाळ्या वाजवतात, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण दीड महिन्याने एका मोठ्या संस्थेत बोलावणं आलं. सचिवांच्या टेबलावर आमच्या त्या चुकीच्या पानाची प्रिंट होती. पेनाने खुणा केलेल्या. ते म्हणाले, "आमच्या आत्ताच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं, तुमच्यात असं होतं का. तो म्हणाला आमच्यात कधीच चूक होत नाही." आणि हसले. तरी त्यांनी लगेच घेतलं नाही. एक पूर्ण दहा दिवस जुनं आणि आमचं दोन्ही शेजारी-शेजारी चालवलं, शेवटी दोन्ही पगारपत्रकं ओळीने लावून बघितली, आणि मग बैठकीत ठेवलं.

याने काय होतं, काय होत नाही

तेच सांगून थांबतो. बोलण्या-लिहिण्याने सॉफ्टवेअर विकलं जात नाही. फक्त समोरचा माणूस तुम्हाला दहा दिवस शेजारी चालवून बघायला तयार होतो. पुढचं काम पगारपत्रकाने करायचं. ते जुळलं नाही तर शंभर व्हिडिओंचा उपयोग नाही.

व्ह्यूज मी बघत नाही. एसएनएफच्या व्हिडिओला नऊशेच्या आसपास आहेत, एवढे तर गावच्या कुस्तीच्या रीलला एका तासात येतात. मी दोन गोष्टी वहीत लिहितो. नव्या माणसाने पहिल्या फोनवर कुठल्या पानाचं नाव घेतलं, आणि त्याचा पहिला प्रश्न काय होता. 'रेट काय?' वरून तो 'आमचा जुना डेटा कसा येईल?' वर सरकला, तर काम होतंय.

एक पथ्य पक्कं पाळा. गिऱ्हाइकाचे आकडे तुमचं कंटेंट नाही. कोणती डेअरी किती दर देते, कोणाचं दूध कमी झालं, हे सगळं आमच्या सर्व्हरवर असतं आणि ते व्हिडिओत टाकलं तर बघणारे भरपूर मिळतील. पण मग पुढचा सचिव विचार करेल की उद्या हा माझंही सांगेल. उदाहरण द्यायचं तर आकडे बनवून द्या, आणि बनवलेले आहेत हे सांगा.

तो बारावीतला मुलगा आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्याकडे येतो. नवं व्हर्जन काढायच्या आधी आम्ही त्याला शंभर पावत्या आणि दरपत्रक देतो. तो अजूनही हातानेच हिशेब करतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावच्या केंद्रावर एसएनएफ कुठल्या सूत्राने काढतात ते विचारा आणि मला कळवा. वहीत जागा आहे.